बाळाचे केस, रोजची आंघोळ आणि खरखरीत पोट: आधी पाण्याची रेघ बघा

प्रश्न: माझी मुलगी ५ महिन्यांची आहे. रोज आंघोळ घालतो, केस पण रोज बेबी शाम्पूने धुतो आणि त्यानेच अंग पण. डोक्यावर पिवळट खपल्या आहेत आणि पोट-पाय एकदम खरखरीत झालेत. केस किती वेळा धुवायचे, आंघोळ कमी करू का, आणि कोरड्या स्किनला माइल्ड म्हणजे नक्की काय बघून घ्यायचं? केस पण गळतायत, ते शाम्पूमुळे का?

उत्तर:

आंघोळ बंद नका करू, एक दिवसाआड करा आणि ५ ते ७ मिनिटांत उरका. केस आठवड्यातून दोनदा, आणि तेही आंघोळीच्या सगळ्यात शेवटी. वॉश फक्त जिथे खरंच मळ साचतो तिथेच, आणि टॉवेलने टिपलं की लगेच क्रीम. केस गळण्याचं शेवटी सांगते, त्याचा शाम्पूशी संबंध नाही. आता हे सगळं असं का ते जरा सविस्तर लिहिते, कारण नुसतं "एक दिवसाआड" सांगितलं की लोक चार दिवस करतात आणि मग परत पहिल्यासारखं सुरू, हे मी ओपीडीत इतकी वर्षं बघतेय.

मागे एक बाळ आलं होतं, तुमच्या मुलीएवढंच. आई-बाबा तोपर्यंत तीन वॉश बदलून आले होते, प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग आणि प्रत्येकावर मोठ्या अक्षरात माइल्ड लिहिलेलं. मी नेहमीप्रमाणे बाळाचे सगळे कपडे काढायला लावले (नुसती बाही वर करून कोरडी त्वचा बघता येत नाही, लोकांना घाई असते पण मी ऐकत नाही) आणि वरून खाली हात फिरवला. खांदे मऊ. गळ्याखाली मऊ. आणि मग छातीच्या मधोमध एका जागी बोटाला फरक लागला, तिथून खाली पोट, कंबर, मांड्या, पोटऱ्या सगळं बारीक पॉलिश पेपरसारखं. डायपरच्या आतली जागा तेवढी मऊ, पण ती बहुतेक बाळांची असतेच, कारण तिथली ओल उडून जात नाही. मी विचारलं टबमध्ये पाणी कुठपर्यंत भरता, तर बाबांनी बाळाच्या छातीवर आडवं बोट ठेवून दाखवलं. बरोबर त्याच रेघेवर.

मग मी त्यांना म्हटलं की आंघोळ कशी घालता ते पहिल्यापासून सांगा, काही गाळू नका. तर असं होतं: बाळाला टबमधल्या सीटवर बसवायचं, पहिल्यांदा डोकं ओलं करायचं, बेबी शाम्पूचे दोन पंप डोक्यावर, छान फेस, मग मगाने डोकं धुवायचं आणि ते सगळं पाणी त्याच टबमध्ये. मग त्याच फेसाच्या पाण्याने अंग धुवायचं, आणि मग बाळ खेळायचं, कारण त्याला पाणी आवडतं, वीस-पंचवीस मिनिटं आरामात. नंतर बाहेर काढून टॉवेलने खसाखसा पुसायचं, कपडे घालायचे, दूध, झोप. क्रीम रात्री, आठवण राहिली तर. हे रोज.

म्हणजे ते बाळ रोज अर्धा तास शाम्पूच्या पातळ पाण्यात बसत होतं. बाटली कुठलीही असती तरी फारसा फरक पडला नसता. त्यांचा तिसरा वॉश खरं तर चांगला होता, मी मागचं लेबल वाचलं, पण चांगला वॉशसुद्धा लावून लगेच धुवून टाकण्यासाठी बनवलेला असतो, त्यात भिजत बसण्यासाठी नाही.

आता यातलं शास्त्र थोडक्यात. बाळाच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मोठ्या माणसाच्या मानाने पातळ असतो, ढोबळमानाने पाव हिश्श्याने कमी. तो पाणी पटकन पितो आणि पटकन सोडतो पण. पाणी आत धरून ठेवायचं काम त्या थरातल्या पेशींच्या मधली चरबी करते. शाम्पू, साबण, वॉश यातला फेस करणारा जो घटक असतो तो एका टोकाने तेल पकडतो आणि दुसऱ्या टोकाने पाणी, म्हणून तर मळ निघतो, पण हे तेल मळाचं आणि हे त्वचेचं स्वतःचं असा भेद त्याला कळत नाही. त्वचा जितकी जास्त वेळ भिजेल तितकी ती फुगते आणि तो घटक तितका आत शिरतो. म्हणून मी कधीही "किती वेळा आंघोळ" याच्या आधी "किती मिनिटं आणि कशाच्या पाण्यात" हे विचारते. साध्या कोमट पाण्यात ५ मिनिटं रोज आणि फेसाच्या पाण्यात २५ मिनिटं आठवड्यातून तीनदा, यातलं दुसरं जास्त कोरडं करतं, माझा तरी अनुभव हाच आहे.

तुम्ही आज घरी हेच करून बघा. आंघोळीच्या आधी, क्रीम न लावलेल्या अंगावर डोळे मिटून हाताची मागची बाजू फिरवा, बोटांची टोकं आपलीच राठ असतात त्यामुळे कळत नाही. खरखर कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बघा. पाण्याच्या पातळीशी जुळत असेल तर पाण्यात काहीतरी आहे किंवा बाळ फार वेळ पाण्यात आहे. गाल, दंड आणि पायांच्या बाहेरच्या बाजूला लाल चट्टे असतील, बाळ खाजवत असेल, गाल उशीवर घासत असेल, झोपेतून किरकिरत उठत असेल तर तो एक्झिमा असू शकतो आणि मग नुसती आंघोळ सुधारून भागत नाही, डॉक्टरला दाखवावं लागतं. रेघ दिसली म्हणजे एक्झिमा नाहीच असंही धरू नका, दोन्ही एकत्र असतात बऱ्याचदा.

आता केस. पाच महिन्यांच्या बाळाच्या डोक्याला रोज शाम्पू लागेल इतकं तेल किंवा घाण तिथे नसतेच. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा पुरे, केस फार दाट असतील, घाम येत असेल किंवा दूध ओकून मागे केसात गेलं असेल तर त्या दिवशी आणखी एकदा, पण नुसत्या पाण्याने बहुतेक वेळा निघतं ते. बाकीच्या दिवशी ओला मऊ कपडा डोक्यावरून फिरवला की झालं.

क्रम महत्त्वाचा. आधी अंग, मग शेवटी डोकं, म्हणजे शाम्पूचं पाणी अंगाला लागून राहत नाही, आणि दुसरं म्हणजे ओल्या डोक्याने बाळ टबमध्ये बसून गार पडत नाही, डोकं हा या वयात शरीराचा मोठा भाग असतो आणि तिथून उष्णता फार जाते. मी तर पालकांना सांगते की डोकं टबच्या बाहेरच धुवा. अंग धुऊन झालं की बाळाला काढून टॉवेलमध्ये पूर्ण गुंडाळा, हात आत. मग त्याला तुमच्या बाजूला कुशीत असं धरा की त्याचं अंग तुमच्या हाताखाली, कमरेला टेकलेलं, आणि मान-डोकं तुमच्या तळहातावर, तोंड वर. एका हाताने धरलेलं, दुसरा हात मोकळा. पहिल्यांदा दोघं जण असा, सवय झाली की एकट्याने जमतं. डोकं जरासं मागे कललेलं ठेवलं की पाणी कपाळाकडून मागे वाहतं, डोळ्यात येत नाही. शाम्पू ४-५ थेंब. खरंच एवढाच. आधी तो तुमच्या ओल्या तळहातावर चोळून पातळ करा आणि मग डोक्याला लावा, डोक्यावर थेट पंप मारला की एकाच जागी जाड थर बसतो आणि तो निघायला तिप्पट पाणी लागतं. बोटांच्या पोटांनी, नखं न लागू देता, अर्धा मिनिट फिरवायचं आणि लगेच धुवायचं. कानामागे आणि मानेच्या घडीत हमखास शाम्पू राहतो, तिथे बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर अजून पाणी घाला. कानामागे सतत लाल आणि भेगाळलेलं दिसणारी कितीतरी बाळं माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या काहींमध्ये कारण फक्त हे न धुतलं गेलेलं असतं.

टाळूला हात लावायला लोक घाबरतात आणि मग नेमकी तिथेच खपल्यांची टोपी तयार होते. टाळूवर जे आवरण असतं ते चिवट असतं, बोटाच्या पोटाने हलकं धुतल्याने काही होत नाही. पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते, तोवर काय तिथे धुवायचंच नाही का. दाबायचं नाही एवढंच.

त्या पिवळट, तेलकट, चिकटून बसलेल्या खपल्या म्हणजे क्रेडल कॅप. घाण म्हणून नाही होत त्या, तुम्ही डोकं नीट धुतलं नाही असाही अर्थ नाही, उलट रोज शाम्पूने घासून काही पालक डोक्याची त्वचा कोरडी आणि लाल करून घेतात आणि खपल्या तशाच. जन्मानंतरच्या काही आठवड्यांत सुरू होतात आणि बहुतेकांच्या वर्षाच्या आत आपोआप जातात, बाळाला त्याची खाज नसते किंवा असली तर अगदी थोडी. नसतील काढल्या तरी चालतं, खरं सांगायचं तर त्या आपल्यालाच खुपतात. पण काढायच्याच असतील तर शाम्पूच्या दिवशी, शाम्पूच्या १५-२० मिनिटं आधी खपल्यांवर थोडं मिनरल ऑइल म्हणजे साधं बेबी ऑइल किंवा पेट्रोलियम जेली लावा, म्हणजे त्या मऊ होतात. मग मऊ ब्रशने किंवा जुन्या मऊ कापडाने गोल गोल, सैल झालेल्या तेवढ्याच काढा आणि मग शाम्पूने ते तेल पूर्ण धुवून टाका. दोन गोष्टी इथे चुकतात. एक म्हणजे नखाने किंवा कंगव्याच्या दातांनी खरवडणं, खाली ओली जखम होते आणि तिथून जंतू शिरतात. दुसरं, तेल रात्रभर आणि दिवसभर तसंच ठेवणं. या खपल्यांशी मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा संबंध जोडला जातो, आणि हे यीस्ट स्वतः चरबी बनवू शकत नाही, ते तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडवर जगतं, म्हणून ऑलिव्ह ऑइलसारखी झाडाची तेलं डोक्यावर मुरवत ठेवणं मला पटत नाही. मिनरल ऑइल त्याच्या उपयोगाचं नाही, म्हणून ते घ्यायला सांगते. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू परस्पर लावू नका, विशेषतः सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाला, बाळाच्या त्वचेतून तो शरीरात जातो. फंगसवरचा शाम्पू कधी कधी आम्ही देतो पण बघून.

आता किती वेळा आंघोळ. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला पहिल्या वर्षात आठवड्यातून ३ वेळा पुरे असा आहे आणि मला तो योग्य वाटतो. (जन्मल्यावरची पहिली आंघोळ किमान २४ तासांनी घालावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि नाळेचा तुकडा पडेपर्यंत बहुतेक ठिकाणी स्पंजच करतात, पण तुमचं बाळ त्याच्या पुढे गेलंय.) पण हा आकडा देवाची आज्ञा नाही. उकाडा आहे, बाळाला घाम येतोय, किंवा आंघोळीनेच ते शांत झोपतं, तर रोज घाला, फक्त रोजचं पाणी साधं, ५ मिनिटं, आणि नंतर क्रीम. याउलट आंघोळ नसलेल्या दिवशी "आज काहीच नको" असंही करू नका, मान, काखा, मांडीच्या घड्या, हातांच्या मुठी आणि डायपरची जागा रोज ओल्या कपड्याने स्वच्छ करायचीच. मानेच्या घडीत दूध साचून आंबतं आणि तिथे लाल होतं, पालकांना वाटतं कोरडेपणा वाढला आणि ते आंघोळ आणखी कमी करतात. घडीतली लाली बहुतेक वेळा ओलीमुळे असते, तिला उपाय उलटा, स्वच्छ करून टिपून कोरडं ठेवणं.

पाणी ३७ ते ३८ अंश, म्हणजे शरीराएवढंच. थर्मामीटर नसेल तर कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने बघा, ना गार ना गरम असं लागलं पाहिजे, तळहात खोटं बोलतो, त्याला गरमची सवय असते. आंघोळीनंतर बाळ लालबुंद दिसत असेल तर पाणी गरम होतं, आणि गरम पाणी चरबी जास्त विरघळवतं हे भांडी घासताना आपल्याला माहीतच असतं. टबमध्ये पाणी ५ सेंटीमीटरच्या आसपास, छातीपर्यंत नाही. त्या बाळाच्या घरी मी पहिलं हेच कमी करायला लावलं, कोरडेपणासाठी आणि त्याहून जास्त सुरक्षिततेसाठी. सीट असली तरी एक हात कायम बाळावर, फोन वाजला तर वाजू दे.

आता वॉश कुठला. मी ब्रँड सांगत नाही, कारण एकाच ब्रँडच्या दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि फॉर्म्युला बदलतात. बाटली उलटी करून मागे काय वाचायचं ते सांगते.

आधी वडी. लेबलवर सोडियम पामेट, सोडियम कोकोएट, सोडियम टॅलोएट, सोडियम पाम कर्नेलेट यातलं काही पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर तो खरा साबण, मग त्यावर बाळाचं चित्र असो, दुधाचं असो किंवा पानाफुलांचं असो. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि तो ५.५ करताच येत नाही, कारण आम्ल घातलं की साबण फुटून परत फॅटी अ‍ॅसिड होतं, साबण राहतच नाही. बाळाची त्वचा जन्मतः जवळजवळ उदासीन असते आणि पुढच्या काही आठवड्यांत ५ ते ५.५ च्या आसपास येते. त्वचेतली चरबी तयार करणारी एन्झाइम्स या आम्लपणात नीट काम करतात. साबण लावला की त्वचेचा पीएच चढतो आणि परत खाली यायला वेळ लागतो, मोठ्यांची त्वचा सांभाळून घेते, कोरड्या त्वचेच्या बाळाला जड जातं. शिवाय पाणी जड असेल तर साबण त्यातल्या कॅल्शियमशी मिळून तो पांढरा चिकट थर बनवतो, बादलीला बसतो ना तोच, तो त्वचेवर पण बसतो. वडीच हवी असेल तर सिंडेट, म्हणजे खरा साबण नसलेली वडी घ्या, तिच्यात पहिलं नाव बहुतेक वेळा सोडियम कोकोइल आयसेथिओनेट असतं.

पातळ वॉशमध्ये पाण्यानंतर लगेच येणारी दोन-तीन नावं बघा, कारण घटक जास्त ते कमी अशा क्रमाने लिहिलेले असतात. तिथे सोडियम लॉरिल सल्फेट असेल तर ठेवून द्या, तो कोरडं करणाऱ्यांत पहिला. सोडियम लॉरेथ सल्फेट हे नाव सारखंच वाटतं पण ते बऱ्यापैकी सौम्य असतं, तरी कोरड्या त्वचेला मी ते पहिल्या नंबरला घेणार नाही. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकोइल ग्लुटामेट, कोकामिडोप्रोपिल बिटेन असं काही असेल तर बरं. (शेवटच्या नावाची क्वचित कुणाला अ‍ॅलर्जी असते, तेवढ्यासाठी घाबरू नका.) ग्लिसरीन वरच्या नावांत असलं तर छानच. यांचा फेस कमी होतो आणि लोकांना वाटतं साफच होत नाहीये म्हणून आणखी ओततात. फेसाचा आणि सफाईचा तसा काही संबंध नाही हो.

सुगंध. लेबलवर फ्रॅग्रन्स, परफ्युम किंवा अरोमा असेल तर कोरड्या त्वचेसाठी ते नको. इथे एक मेख आहे. "अनसेंटेड" म्हणजे वास येत नाही एवढंच, त्यात मूळ वास झाकायला वेगळा सुगंध घातलेला असू शकतो. तुम्हाला हवं ते "फ्रॅग्रन्स फ्री". लॅव्हेंडरसारखी तेलं म्हणजे पण सुगंधच, नैसर्गिक म्हणून त्वचा सोडून देत नाही. टिकवण्यासाठी घातलेल्यांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे एक नाव लक्षात ठेवा, अ‍ॅलर्जीसाठी ते कुप्रसिद्ध आहे.

"नो टिअर्स" हा शब्द मात्र माझ्या डोक्यात जातो. त्याचा अर्थ डोळ्याला झोंबत नाही, बस. त्वचेला कोरडं करत नाही असा त्याचा अर्थ नाही. केस धुवायला तो घ्या, चांगलंच आहे, पण अंगासाठी निवडताना तो शब्द विसरून जा. आणि अंगाला-केसांना एकच बाटली चालते का, तर हो, वरच्या कसोटीत बसत असेल तर एकच घ्या, या वयात वेगळ्या दोन बाटल्यांची गरज नाही.

शंका असेल तर पीएच पट्ट्या मिळतात, वॉश थोड्या पाण्यात कालवून पट्टी बुडवा, ५ ते ७ मध्ये आला तर ठीक, ८ च्या वर गेला तर परत देऊन टाका. मी ओपीडीत पट्ट्यांची डबी ठेवते आणि पालकांनाच बुडवायला लावते, "हर्बल बेबी बार" म्हणून आणलेल्या वडीने पट्टी निळी-हिरवी झाली की मला काही समजावून सांगावं लागत नाही.

हा वॉश कुठे लावायचा? डायपरची जागा, काखा, मान, हात-पाय मळले असतील तर ते. पोट, पाठ, दंड, मांड्या नुसत्या पाण्याने, तिथे कसला मळ असणार. एका आंघोळीला एक चमचा वॉश अंगभराला भरपूर झाला. टबमध्ये घोळून फेस करायचा नाही. आंघोळीच्या पाण्यात टाकायची तेलं पण नका घेऊ, इंग्लंड-वेल्समध्ये एक्झिमा असलेल्या १ ते ११ वर्षांच्या ४८२ मुलांवर याची चाचणी झाली होती, २०१८ मध्ये निकाल आला, पाण्यात टाकायच्या मॉइश्चरायझरने वेगळा फायदा दिसला नाही. बाळ मात्र हातातून निसटण्याइतकं बुळबुळीत होतं.

मग क्रीम. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं, त्वचा किंचित ओलसर राहिली पाहिजे, आणि ३ मिनिटांच्या आत क्रीम. डबी आधीच उघडून टॉवेलशेजारी ठेवा, शोधायला गेलात की ती तीन मिनिटं गेली. लोशनपेक्षा जाडसर क्रीम किंवा मलम, कारण लोशनमध्ये पाणीच जास्त असतं. पण मलमाने बाळ आणि तुमचे हात दोन्ही निसरडे होतात, उचलताना सांभाळा. किती लावायचं हे लोकांना कळत नाही, सगळे कमीच लावतात. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ३ ते ६ महिन्यांच्या बाळाच्या अंगभर पातळ थर द्यायला अशा ८ ते ९ रेघा लागतात, आणि कोरड्या त्वचेला क्रीम यापेक्षा सढळ लावायचं असतं. हातात मळून केसांच्या दिशेने वरून खाली फिरवा, रगडू नका. आंघोळ नसेल त्या दिवशी पण दोन वेळा लावायचं. डबीत बोट घालून काढू नका, स्वच्छ चमच्याने काढा किंवा पंपवाली घ्या.

त्या बाळाचं पुढे काय झालं? वॉश मी बदललाच नाही, तिसराच ठेवला. पाणी कमी, ७ मिनिटं, एक दिवसाआड, डोकं शेवटी टबबाहेर सोमवारी आणि शुक्रवारी, आणि क्रीम लगेच. दहा-बारा दिवसांनी आले तेव्हा छातीवरची ती रेघ बोटाला लागत नव्हती, पोट-मांड्या मऊ. डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूला मात्र दोन गोल खरखरीत चट्टे तसेच होते, आधी सगळंच खरखरीत असल्याने ते वेगळे दिसत नव्हते. तो एक्झिमा निघाला, त्याला काही दिवस सौम्य स्टिरॉइडचं मलम दिलं. खपल्या निम्म्या राहिल्या होत्या आणि आईने त्यांचा नाद सोडला होता, ते मला फार बरं वाटलं.

तुम्ही पण साधारण दोन आठवडे असं करून बघा. पण चट्ट्यातून पाणी येत असेल, पिवळी खपली धरत असेल, वास येत असेल, बाळाला ताप असेल किंवा डोक्याच्या खपल्या चेहऱ्यावर-अंगावर पसरत असतील तर दोन आठवडे थांबू नका, लगेच दाखवा.

आणि केस. पहिल्या सहा महिन्यांत जन्माचे केस गळतात, ते सगळे एकदम वाढीच्या टप्प्यातून विश्रांतीच्या टप्प्यात गेलेले असतात. डोक्याच्या मागे उशी लागते तिथे टक्कल पडल्यासारखा पट्टा दिसतो तोही यातलाच. नवीन येणारे केस कधी वेगळ्याच रंगाचे किंवा पोताचे असतात. त्यासाठी शाम्पू बदलायचा नाही, तेल पण वेगळं लावायचं नाही. फक्त गोल चकतीसारखी एखादी जागा, त्यावर पापुद्रे, काळे ठिपके किंवा तुटलेले केस दिसले तर ते वेगळं असतं, त्याचा फोटो न पाठवता बाळाला घेऊन या.